सायबर कॅफेत किंवा हॉटेलच्या कॉम्प्युटरवर लॉगिन: मागे काहीही न ठेवता उठायचं कसं

काही वर्षं मी लोकांच्या वापरासाठी ठेवलेल्या कॉम्प्युटरांची देखभाल करत होतो. दिवस संपला की प्रत्येक मशीनचं Downloads फोल्डर उघडून रिकामं करायचं, हे माझं शेवटचं काम. त्या फोल्डरात रोज काय सापडायचं? ओळखपत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती, पगाराच्या पावत्या, बायोडेटा, दवाखान्याचे रिपोर्ट. फाईलच्या नावातच माणसाचं पूर्ण नाव असायचं. ही निष्काळजी माणसं होती असंही नाही. त्यातल्या अनेकांनी आठवणीने इनकॉग्निटो, म्हणजे इतिहास मागे न ठेवणारी खासगी विंडो उघडलेली असायची आणि मेलमधून साइन आउटही केलेलं असायचं. फाईल मात्र तिथेच राहायची, कारण इनकॉग्निटो विंडो डाउनलोड केलेल्या फाईलला हात लावत नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं.

तीच चूक आजही होताना दिसते, म्हणून हा लेख. एकच काम घेऊ आणि शेवटपर्यंत नेऊ: मेलमध्ये आलेलं दोन पानी तिकीट आणि ओळखपत्राची प्रत हॉटेलच्या किंवा कॅफेच्या कॉम्प्युटरवरून छापून घ्यायची आहे. मशीन विंडोजचं, ब्राउझर क्रोम आणि मेल जीमेलचा असं धरलं आहे. दुसरा ब्राउझर किंवा दुसरी मेल सेवा असेल तर बटणांची नावं बदलतील, क्रम बदलणार नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. परक्या मशीनवर तुम्ही टाइप केलेलं कुणी टिपत नाहीये, याची खात्री बाहेरून करता येत नाही. त्यामुळे पासवर्ड कुणी पाहिलाच तरी तो त्याच्या उपयोगी पडू नये, अशी तजवीज आधीच करून ठेवायची. खालच्या पायऱ्या याच हिशोबाने लावल्या आहेत.

## १. लॉगिन लागतंच का, ते आधी बघा

एखादी फाईल छापायला मेल उघडावाच लागतो असं नाही. ती फाईल तुम्ही आपल्या फोनवरून गूगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी टाकू शकता, लिंक असलेल्या कुणालाही बघता येईल अशी परवानगी देऊ शकता आणि ती लिंक त्या कॉम्प्युटरवर उघडू शकता. लिंक लांबलचक असते, टाइप करताना चुकते, म्हणून आधी ती छोटी करून घ्या. छपाई झाली की फोनवरूनच ती परवानगी काढून टाका. या सगळ्यात पासवर्ड कुठेच टाइप होत नाही. साध्या तिकिटासाठी मी हाच मार्ग सुचवेन. ओळखपत्रासाठी नाही, कारण परवानगी काढेपर्यंत ती लिंक ज्याच्या हाती लागेल त्याला ओळखपत्र दिसेल.

दुसरा सोपा वाटणारा मार्ग म्हणजे फाईल काउंटरवरच्या माणसाच्या मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर पाठवून देणं. यात लॉगिन टळतं, पण तुमची फाईल त्या खात्यात कायमची जाऊन बसते. ती पुसणं तुमच्या हातात राहत नाही. तिकिटापुरतं चालेल, ओळखपत्र असं कधीच पाठवू नका.

सावधान: बँकेचं खातं परक्या मशीनवर उघडायचंच नाही. खाली सांगितलेली सगळी काळजी घेतली तरी नाही. ते काम फोनवर, मोबाइल डेटावर होतं.

## २. निघण्यापूर्वीची तयारी

गडबड होते ती बहुतेकदा इथेच. कॉम्प्युटरसमोर बसल्यावर ज्या गोष्टी सुचतात, त्या घरून करून निघायच्या असतात.

प्रवासासाठी वेगळं मेल खातं उघडा. तुमच्या मुख्य मेलवर बाकी सगळ्या खात्यांचे 'पासवर्ड विसरलात का' वाले मेल येतात. म्हणजे तो एक मेल कुणाच्या हाती लागला की बाकीची दारंही उघडतात. दुसरं एक साधं खातं उघडा आणि लागतील तेवढीच कागदपत्रं मुख्य मेलवरून त्यावर पाठवून ठेवा. हे खातं कुठल्याही बँकेला, सोशल मीडियाला किंवा दुसऱ्या मेलला रिकव्हरीसाठी जोडू नका. त्याचा पासवर्डही नवा असू द्या. मुख्य खात्याचा पासवर्ड शेवटी एक अंक जोडून इथे वापरला, तर वेगळं खातं काढून काही साधलं नाही.

दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. पासवर्डनंतर फोनवर दुसरी ओळख मागितली जाते, ती ही सोय. ती असली की नुसता पासवर्ड चोरून कुणाला आत येता येत नाही. दुसरी ओळख मात्र कशी येणार, याचा विचार आधी करा. एसएमएसला नेटवर्क लागतं. फोनवर येणाऱ्या 'होय, मीच आहे' या सूचनेला इंटरनेट लागतं. ऑथेंटिकेटर ॲपमधला दर ३० सेकंदांनी बदलणारा कोड यापैकी कशाशिवायही दिसतो. परक्या गावात सिम चालेल न चालेल, म्हणून ॲपच बरं.

बॅकअप कोड कागदावर घ्या. फोनच हरवला किंवा बंद पडला तर यांच्यावाचून खातं उघडणं अवघड होतं. गूगल खात्यात Security मध्ये 2-Step Verification आणि त्याच्या आत Backup codes असा पर्याय आहे. तिथे १० कोड मिळतात, प्रत्येक ८ अंकी, प्रत्येक एकदाच चालणारा. त्यातले दोन-तीन कागदावर लिहून पाकिटात ठेवा. कागदावर खात्याचं नाव किंवा पासवर्ड लिहू नका. नवीन संच काढला की जुना संच त्या क्षणी रद्द होतो. पाकिटातला कागद कुठल्या संचाचा आहे, हे निघताना बघून घ्या.

तपासा: निघण्याच्या आदल्या दिवशी आपल्याच लॅपटॉपवर एक खासगी विंडो उघडून प्रवासाच्या खात्यात शिरून बघा. पासवर्ड आठवतोय, कोड येतोय, फाईल दिसतेय, या तिन्हींची खात्री झाली की तयारी पूर्ण.

## ३. बसल्यावर, एकही अक्षर टाइप करण्याआधी

कीबोर्डची वायर हाताने मागपर्यंत चाचपत न्या. ती सरळ कॉम्प्युटरमध्ये गेली पाहिजे. वायरचं टोक आणि पोर्ट यांच्यामध्ये अंगठ्याच्या पेरासारखा जोड दिसला, तर तो दाबलेली प्रत्येक कळ नोंदवणारा कीलॉगर असू शकतो. त्याचा काहीतरी निरुपद्रवी उपयोगही असेल, पण ते शोधत बसू नका, दुसऱ्या मशीनवर जा. आणि तिथे काही दिसलं नाही म्हणजे सगळं ठीक, असंही समजू नका. असे बहुतेक कीलॉगर प्रोग्रॅमच्या रूपात असतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत.

स्क्रीनवर आधीच्या माणसाचा मेल उघडा असेल तर तो वाचू नका, त्याला साइन आउट करा. त्याच खात्याच्या शेजारी Add account दाबून आपलं लॉगिन तर अजिबात करू नका. तसं केलं की तुमचं खातं त्या साध्या ब्राउझरला चिकटतं आणि पुढे काही काळ तिथे रेंगाळतं.

आता विंडो उघडायची. क्रोममध्ये वर उजवीकडे गोल प्रोफाइलचं चिन्ह असतं. त्यावर क्लिक केल्यावर यादीत Guest असं लिहिलेला पर्याय दिसतो. तो घ्या. एज ब्राउझरमध्येही प्रोफाइलच्या यादीत Browse as guest आहे. जिथे हा पर्याय मालकाने बंद केलेला असेल तिथे खासगी विंडो वापरा:

```
Chrome, Edge : Ctrl + Shift + N
Firefox      : Ctrl + Shift + P
```

गेस्ट आधी आणि इनकॉग्निटो नंतर, यामागे कारण आहे. एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम. मालकाने एखाद्या एक्स्टेन्शनला परवानगी दिली असेल तर ते इनकॉग्निटो विंडोतही चालतं, आणि एक्स्टेन्शनला पानावरचा मजकूर वाचता येऊ शकतो. गेस्ट विंडोत मालकाच्या प्रोफाइलची एक्स्टेन्शनं येत नाहीत. माझ्या देखरेखीखालच्या मशीनवर कुणीतरी कूपन शोधून देणारं एक एक्स्टेन्शन बसवलं होतं आणि त्याला सगळ्या साइटवरचा मजकूर वाचण्याची परवानगी होती. ते महिनाभर कुणाच्या लक्षात आलं नाही.

तपासा: नव्या विंडोत You're browsing as a Guest किंवा You've gone Incognito असं दिसतंय का? दिसत नसेल तर तुम्ही साध्या विंडोत आहात. पुढे जाऊ नका.

## ४. लॉगिन

पत्ता स्वतः टाइप करा: `mail.google.com`. शोधपट्टीत 'जीमेल लॉगिन' शोधून पहिल्या निकालावर क्लिक करणं टाळा, कारण वरचा निकाल जाहिरात असू शकतो आणि जाहिरातीमागे हुबेहूब दिसणारं बनावट पान असू शकतं. पासवर्ड मागणारं पान आलं की पत्त्याची पट्टी वाचा. पत्ता `accounts.google.com` ने सुरू झाला पाहिजे आणि त्यानंतर लगेच तिरपी रेघ हवी. `accounts.google.com` च्या पुढे टिंब देऊन आणखी शब्द असतील तर ते पान गूगलचं नाही.

पासवर्डनंतर कोड मागणारं पान येतं. तिथे कोडाच्या आसपास Don't ask again on this device असा चौकोन असतो, आणि त्यात बऱ्याचदा आधीच टिक केलेली असते. ती टिक काढा, मगच पुढे जा. ती राहिली तर या ब्राउझरला पुढच्या वेळी फक्त पासवर्ड पुरतो. दोन टप्प्यांतला दुसरा टप्पा तुम्हीच काढून दिलात, असं होतं.

फोनवर पडताळणीची सूचना आली तर स्क्रीनवरचा आकडा आणि फोनवरचा आकडा जुळवून बघा. तुम्ही लॉगिन करत नसताना अशी सूचना आली, तर तुमचा पासवर्ड दुसऱ्या कुणाकडे पोचलेला असू शकतो. No दाबा आणि थेट आठव्या पायरीवर जा.

आत शिरल्यावर पासवर्ड साठवायचा का, या मशीनवर पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी उपकरणावर साठवलेली किल्ली, तयार करायची का, असे प्रश्न येऊ शकतात. सगळ्यांना नकार द्या. पासकी तुमच्या फोनवर आधीपासून असेल तर गोष्ट वेगळी. मग स्क्रीनवरचा क्यूआर कोड फोनने स्कॅन करून पासवर्ड न टाइप करता आत जाता येतं, आणि टिपणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. त्यासाठी फोनवर आणि कॉम्प्युटरवर दोन्हीकडे ब्लूटूथ लागतं, आणि टेबलावरच्या पुष्कळ कॉम्प्युटरांत ते नसतं. म्हणून मिळाली तर उत्तम, पण तिच्यावर विसंबून निघू नका.

स्क्रीनवरच्या कीबोर्डने पासवर्ड टाइप केला की कीलॉगरपासून सुटका होते, असा एक समज आहे. वायरीतल्या जोडापासून होतेही. पण स्क्रीनची छायाचित्रं घेणारे आणि ब्राउझरमधल्या रकान्यातूनच मजकूर उचलणारे प्रोग्रॅम असतात, त्यांना त्याने काहीच फरक पडत नाही. त्यात वेळ घालवण्यापेक्षा उठल्यावर पासवर्ड बदलणं जास्त कामाचं.

## ५. फाईल आणि प्रिंट

मेलमधली फाईल डाउनलोड न करता फक्त तिच्यावर क्लिक करा. ती तिथल्या तिथे मोठी होऊन दिसते आणि वर उजवीकडे प्रिंटरचं चिन्ह असतं. तिथूनच छापा. असं केलं की Downloads फोल्डरमध्ये काही उतरत नाही.

प्रिंटची चौकट उघडल्यावर थांबा आणि Destination हा रकाना वाचा. तिथे प्रिंटरच्या नावाऐवजी Save as PDF असं निवडलेलं असू शकतं. आधीच्या माणसाने शेवटी जे निवडलं ते क्रोम लक्षात ठेवतो. घाईत Save दाबलं की कागद बाहेर येत नाही, आणि ओळखपत्राची एक प्रत गुपचूप डिस्कवर जाऊन बसते. मग माणूस 'प्रिंटर चालत नाही' म्हणतो, पुन्हा दाबतो, आणि दुसरी प्रत पडते. एकदा एका मशीनवर मला एकाच ओळखपत्राच्या चार प्रती सापडल्या, नावापुढे (1), (2), (3) असे आकडे लागलेल्या. चारही वेळा त्या माणसाने Save दाबलं होतं आणि प्रिंटरला दोष दिला असणार.

प्रिंटरमधला कागद संपला तर आणखी एक घोटाळा होतो. तुमची प्रिंट रांगेत थांबते. तुम्ही कंटाळून निघून जाता. संध्याकाळी कुणीतरी कागद भरतं आणि तुमचं ओळखपत्र आपोआप छापून ट्रेमध्ये पडतं. म्हणून प्रिंट अडकली तर खाली घड्याळाजवळच्या प्रिंटरच्या चिन्हावर डबल क्लिक करा, रांगेतलं आपलं काम निवडून Cancel करा. चिन्ह दिसत नसेल तर काउंटरवर सांगून रांग रिकामी करून घ्या आणि ती रिकामी झालेली स्वतः बघा.

फाईल डाउनलोड करावीच लागली तर ती कुठे उतरली आणि तिचं नेमकं नाव काय, हे त्याच वेळी बघून ठेवा. ती वर्डमध्ये किंवा पीडीएफ वाचण्याच्या प्रोग्रॅममध्ये उघडू नका. त्या प्रोग्रॅमच्या अलीकडच्या फाईलींच्या यादीत नाव राहतं, फाईल पुसली तरी. पीडीएफ असेल तर ती माऊसने ओढून गेस्ट विंडोत सोडा, तिथेच उघडते.

स्वतःचा पेनड्राइव्ह त्या मशीनला लावू नका. सामायिक मशीनवरून पेनड्राइव्हमध्ये व्हायरस येणं ही अगदी रोजची गोष्ट आहे, आणि तो मग घरच्या लॅपटॉपवर पोचतो.

तपासा: छापलेली पानं मोजा. तिकिटाची दोन, ओळखपत्राचं एक, अशी तीन हवीत. तिरकी किंवा फिकट आलेली पानंही बरोबर घ्या, तिथल्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नका.

## ६. उठण्याचा क्रम

इथे क्रम महत्त्वाचा. साइन आउट केलं की काम संपल्यासारखं वाटतं आणि हात बॅगेकडे जातो. म्हणून साइन आउटच्या आधी जे पुसायचं ते पुसून घ्यायचं.

१) प्रिंटची रांग रिकामी आहे ना, बघा.

२) फाईल. Ctrl + J दाबून या विंडोतली डाउनलोडची यादी बघा. काही उतरलं असेल तर फोल्डर उघडून ती फाईल निवडा आणि Shift + Delete दाबा. नुसतं Delete दाबलं तर ती रीसायकल बिनमध्ये जाते आणि पुढचा माणूस दोन क्लिकमध्ये परत काढतो. डेस्कटॉपवरही एक नजर टाका. Shift + Delete ने पुसलेली फाईलही खास प्रोग्रॅम वापरून कधी कधी परत मिळवता येते, कारण डिस्कवरचा मजकूर त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत उरू शकतो. म्हणूनच ओळखपत्राच्या बाबतीत पाचव्या पायरीतला 'डाउनलोड न करता छापा' हा भाग सोडू नका.

३) कॉपी केलेला मजकूर. पासवर्ड, ओळखपत्राचा नंबर किंवा पत्ता कुठून कॉपी केला असेल तर तो क्लिपबोर्डमध्ये आहे. Win + V दाबा. इतिहास चालू असेल तर कॉपी केलेल्या गोष्टींची यादीच समोर येते. त्यातली Clear all दाबा. इतिहास चालू नसेल तर तो चालू करण्याबद्दल विचारलं जाईल. तिथे नकार द्या आणि कुठल्याही पानावरचा एखादा साधा शब्द निवडून Ctrl + C दाबा. त्याने आधीचा मजकूर पुसला जातो.

४) साइन आउट. उजवीकडच्या आपल्या चित्रावर क्लिक करून Sign out. 'विंडो बंद केली की कुकी जातेच, मग साइन आउट कशाला?' असं मला बरेच जण विचारायचे. लॉगिन झाल्यावर ब्राउझरला एक कुकी मिळते, आणि ती दाखवली की पासवर्ड न मागता खातं उघडतं. विंडो बंद केल्यावर या मशीनवरची कुकी पुसली जाते, पण तिची नक्कल कुणी आधीच केली असेल तर ती नक्कल चालूच राहू शकते. साइन आउट केल्याने सर्व्हरलाही कळतं की ही जोडणी संपली.

५) सगळ्या विंडो बंद करा. सगळ्या इनकॉग्निटो विंडो मिळून त्याच कुकी आणि तोच इतिहास वापरत असतात, गेस्टचंही तसंच. शेवटची विंडो बंद झाल्यावरच कुकी आणि इतिहास पुसला जातो. एक विंडो खाली टास्कबारवर मिनिमाइझ होऊन राहिली तर काहीच पुसलं गेलेलं नसतं. टास्कबारवरच्या क्रोमच्या चिन्हावर माऊस ठेवून बघा, आणखी काही उघडं आहे का.

६) बाहेरून बघा. पुन्हा नवी गेस्ट विंडो उघडा आणि `mail.google.com` टाइप करा. मेल पत्ता विचारणारा रिकामा रकाना आला पाहिजे. मग साध्या विंडोतही तेच करा. तिथे Choose an account या यादीत तुमचं नाव दिसलं, तर कुठेतरी तुम्ही साध्या विंडोत लॉगिन केलं होतं. त्याच पानावर Remove an account आहे, तिथून आपलं नाव काढा. दुसऱ्यांची नावं दिसली तर त्यांना हात लावू नका.

७) परवानगी असेल तर मशीन रीस्टार्ट करा. काही ठिकाणी मशीन रीस्टार्ट झाली की मूळ अवस्थेत परत जाईल अशी व्यवस्था केलेली असते. तसं असेल तर बाकी राहिलेलंही पुसलं जातं. काउंटरवर विचारून घ्या, कारण वेळ मोजणारा प्रोग्रॅम त्याने बिघडू शकतो.

## ७. फोनवरून शेवटचा हात

हे काम कॅफेच्या दारातून बाहेर पडल्यावर, स्वतःच्या फोनवर आणि मोबाइल डेटावर करायचं. त्याच कॉम्प्युटरवर बसून पासवर्ड बदलला तर नवा पासवर्डही तिथेच टाइप होतो. ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की ती वेगळी सांगावीशी वाटली.

फोनवर गूगल खातं उघडा, Security मध्ये जा, खाली Your devices आणि त्यात Manage all devices. तिथे Windows अशा नावाची एक नोंद दिसेल, आजच्या वेळेची. ती उघडा. Sign out चं बटण दिसलं तर जोडणी अजून चालू आहे, ते दाबा. साइन आउट झाल्यावरही ती नोंद काही आठवडे यादीत दिसू शकते, फक्त साइन आउट झाल्याच्या खुणेसह. तेवढ्याने घाबरून जाऊ नका. ठिकाणाचा अंदाजही बराच चुकलेला असू शकतो, त्यामुळे ठिकाणापेक्षा वेळ जुळवून बघा.

मग त्या खात्याचा पासवर्ड बदला. त्याच दिवशी बदला, घरी पोचल्यावर नाही. गूगलमध्ये पासवर्ड बदलला की बहुतेक उपकरणांवरची लॉगिनं तुटतात, त्यामुळे एखादी जोडणी नजरेतून सुटली असली तरी ती बहुधा इथे बंद होते. बॅकअप कोड वापरला असेल तर कागदावर त्या कोडावर काट मारा.

व्हॉट्सॲप वेब उघडलं असेल तर त्याची जागा वेगळी. फोनवर व्हॉट्सॲपच्या Linked devices मध्ये जा, यादीतल्या त्या कॉम्प्युटरवर टॅप करा आणि Log out करा. इथे पासवर्ड नसतो, त्यामुळे तो बदलून काही होत नाही. ही यादीच तपासावी लागते.

## ८. गाडीत बसल्यावर आठवलं की साइन आउट राहिलं

मागे फिरू नका. तोवर दुसरं कुणी तिथे बसलेलं असेल, आणि तुम्हाला जे करायचं ते फोनवरून होतं. आधी Manage all devices मधून ते मशीन साइन आउट करा, मग पासवर्ड बदला. फाईल मात्र फोनवरून पुसता येत नाही. ती राहिली असेल तर काउंटरवर फोन करून कुठल्या मशीनवर, कुठल्या फोल्डरमध्ये, कुठल्या नावाने आहे ते सांगा आणि पुसायला लावा. म्हणूनच पाचव्या पायरीत नाव लक्षात ठेवायला सांगितलं.

मुख्य खातंच तिथे उघडलं होतं आणि काहीतरी बिनसलं असल्याची शंका आहे, तर लक्षणं बघा. अनोळखी ठिकाणाहून लॉगिन झाल्याचा इशारा देणारा मेल. तुम्ही न उघडलेले मेल वाचलेले दिसणं. तुम्ही न मागितलेले पासवर्ड बदलण्याचे मेल. किंवा उलट, येतील असे मेल अचानक यायचे थांबणं. या शेवटच्या लक्षणाकडे लोक हमखास दुर्लक्ष करतात.

त्याचं कारण जीमेलच्या सेटिंगमध्ये असतं. आत शिरलेला माणूस तुमचे मेल आपल्या पत्त्यावर फॉरवर्ड करून ठेवतो, किंवा बँकेचे मेल आले की ते परस्पर कचऱ्यात जातील असा फिल्टर लावतो. पासवर्ड बदलल्याने हे फॉरवर्डिंग थांबत नाही. ते खात्यातच नोंदवलेलं असतं, लॉगिनशी त्याचा संबंध नसतो. शिवाय फोनवरच्या जीमेल ॲपमध्ये ही सेटिंग दिसत नाही. म्हणून आपल्या लॅपटॉपवर जीमेल उघडा, See all settings मध्ये जा आणि Forwarding and POP/IMAP आणि Filters and Blocked Addresses ही दोन्ही पानं नीट वाचा. तुम्ही न घातलेला पत्ता किंवा फिल्टर दिसला तर तो काढा. त्यानंतर खात्यातला रिकव्हरीचा फोन नंबर आणि मेल पत्ता आपलाच आहे का ते बघा, आणि बॅकअप कोडचा नवा संच काढा, म्हणजे आधीचे कोड कुणी उतरवून घेतले असले तरी चालणार नाहीत.